चार तास, एक लॅपटॉप आणि दहातले तीन गेम

माझ्या आतेबहिणीने नवा लॅपटॉप घेतला, मुख्यतः कामासाठी. आठवड्याभरात तिचा मेसेज आला: "दादा, यावर खेळता येतील असे चांगले गेम सांग. फार महाग नको, मारामारी नको, वेळ कमीच असतो." पाच नावं पाठवून मोकळं होता आलं असतं. याआधी दोघांच्या बाबतीत मी तेच केलं होतं आणि दोघांपैकी एकानेही त्यातला कुठला गेम तासाभरापलीकडे खेळला नाही. म्हणून या खेपेला आधी फोनवर वीस मिनिटं बोललो, मग दहा नावं कागदावर लिहिली आणि एकेक खोडत गेलो. शेवटी तीन उरली. तुमच्याकडे कदाचित वेगळीच तीन उरतील, पण खोडायचं कसं आणि कुठल्या क्रमाने, ते सगळ्यांना सारखंच लागू पडतं.

तो क्रम असा: आधी लॅपटॉप, मग बैठक, मग नावडी, आणि पैसे सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात. सेल लागलेला दिसतो, स्वस्तात मिळतंय म्हणून चार गेम घेतले जातात, आणि घरी आल्यावर कळतं की त्यातला एक लॅपटॉपवर धावतच नाही आणि दुसरा अर्ध्या तासात सोडता येत नाही.

मागणी कागदावर कशी दिसायला हवी

"फार महाग नको" यावरून कुणालाच काही ठरवता येत नाही. बोलून झाल्यावर आम्ही तिचीच मागणी पुन्हा लिहिली, ती अशी:

> लॅपटॉप: वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, `Intel(R) UHD Graphics`, 8 GB RAM (एकच पट्टी), SSD वर साधारण २०० GB मोकळी.
> वेळ: आठवड्याला चार तास. कामाच्या दिवशी रात्री ४० मिनिटं असं तीनदा, रविवारी सलग दोन तास.
> पैसे: सहा महिन्यांत, एका नव्या मोठ्या गेमच्या पूर्ण किमतीइतके.
> नको: रक्त आणि किंकाळ्या. पडद्यावर उलटं धावणारं घड्याळ. अनोळखी लोकांबरोबर खेळणं. डोळ्यांच्या जागी कॅमेरा असलेले गेम (चक्कर येते). हरल्यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त मागे जाणं.

पैशांचं माप मुद्दाम असं घेतलंय. आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो आणि सेलमध्ये तर रोज बदलतो. पण "एका मोठ्या नव्या गेमची पूर्ण किंमत" म्हटलं की लगेच कळतं की यात एकतर एक भपकेबाज गेम येईल किंवा तीन-चार छोटे.

आमच्या कागदावरची दहा नावं ही: बाल्डर्स गेट ३, आउटर वाइल्ड्स, सिव्हिलायझेशन ६, स्टारड्यू व्हॅली, हेडीझ, स्ले द स्पायर, इनटू द ब्रीच, डॉर्फरोमँटिक, बाबा इज यू आणि अ शॉर्ट हाइक. मुद्दाम सगळे नावाजलेलेच घेतले. वाईट गेम खोडायला डोकं लागत नाही. चांगला गेम आपल्यासाठी चुकीचा का, हे ओळखणं अवघड असतं.

पहिली चाळणी: लॅपटॉप

`Ctrl+Shift+Esc` दाबा. Task Manager उघडेल. त्यात `Performance` मध्ये जाऊन डावीकडे खाली `GPU 0` वर क्लिक करा. उजव्या कोपऱ्यात ग्राफिक्सचं नाव दिसतं. `GPU 0` आणि `GPU 1` अशी दोन दिसली आणि त्यातल्या एकात NVIDIA GeForce असं नाव असलं, तर तुमच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. एकच Intel किंवा AMD Radeon Graphics दिसलं, तर ग्राफिक्सचं काम प्रोसेसरच्या आतलाच एक भाग करतो. कामासाठी घेतलेल्या बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये असंच असतं.

याच पानावर `Shared GPU memory` म्हणून एक आकडा दिसतो, आणि तिथे हमखास फसगत होते. 8 GB RAM असेल तर तो साधारण 3.9 GB दाखवतो. गेमच्या पानावर "4 GB VRAM हवी", म्हणजे ग्राफिक्सची स्वतःची मेमरी हवी, असं लिहिलेलं असतं आणि माणूस म्हणतो, जमलं की जवळजवळ. पण ती मेमरी वेगळी नसते. तुमच्या RAM मधलाच निम्मा भाग गरज पडली तर ग्राफिक्सला उसना मिळेल, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. त्याच आठातून विंडोजला हवी, गेमला हवी आणि उघड्या राहिलेल्या ब्राउझरलाही हवी.

बहिणीच्या लॅपटॉपवर आणखी एक गंमत निघाली. विकत घेताना माहितीपत्रकात Iris Xe लिहिलं होतं, इथे मात्र UHD दिसत होतं. तिला वाटलं, फसवलं. तसं नव्हतं. इंटेलच्या त्या पिढीत मेमरी दोन वाटांनी जोडलेली असेल तरच ग्राफिक्स Iris Xe या नावाने चालतं. एकच पट्टी असली की तेच ग्राफिक्स UHD म्हणून दिसतं आणि हळूही चालतं, कारण चित्र काढायला लागणारा डेटा एकाच वाटेने येत असतो. तपासायला त्याच Task Manager मध्ये `Memory` वर जा. तिथे `Slots used: 1 of 2` असं दिसलं तर दुसरी पट्टी घालायला जागा आहे. `Form factor` पुढे `Row of chips` दिसलं तर मेमरी बोर्डावरच डकवलेली आहे, तेव्हा पट्टी बदलण्याचा विचार सोडून द्या. बहिणीकडे जागा होती. पण पट्टीवर पैसे घालायच्या आधी बाकीच्या चाळण्या लावून पाहू, असं ठरवलं. पुढे त्या पट्टीची गरजच पडली नाही.

आता गेमच्या पानावर `System Requirements` वाचायचं. त्यातला `Minimum` म्हणजे गेम सुरू होईल, `Recommended` म्हणजे नीट खेळता येईल, असं समजा. वेगळं कार्ड नसेल तर माझा नियम सोपा आहे. `Minimum` मध्ये Intel HD असं काही नाव दिलेलं असेल तर बनवणाऱ्यांनी तुमच्यासारख्या लॅपटॉपचा विचार केलेला आहे. तिथे फक्त GTX आणि RX अशी वेगळ्या कार्डांचीच नावं असतील तर सावध व्हा. गेम कोणत्या वर्षी आला यावरून काही ठरवू नका. २०१५ चा विचर ३ अशा लॅपटॉपला धाप लावतो आणि २०२४ चा बालात्रो, जो पत्त्यांचाच गेम आहे, त्यावर लोण्यासारखा चालतो.

बाल्डर्स गेट ३ ला किमान GTX 970 च्या तोडीचं कार्ड लागतं आणि SSD वर 150 GB जागा. बहिणीच्या मोकळ्या २०० GB पैकी तीन चतुर्थांश एकाच गेमने खाल्ले असते, तेही जेमतेम चालण्यासाठी. पहिलं नाव खोडलं. आउटर वाइल्ड्स काठावर होता. तो या चाळणीत ठेवला, कारण पुढच्या चाळण्यांत तो जाणार हे दिसतच होतं.

काठावरच्या गेमसाठी एक तोडगा लक्षात ठेवा. पडदा 1920×1080 असला तरी गेम 1280×720 वर चालवता येतो. वीस लाखांहून जास्त ठिपके रंगवायचे होते, ते नऊ लाखांच्या आसपास येतात. चित्र थोडं मऊ दिसतं, पण अडखळत चालणारा गेम बऱ्याचदा खेळण्याजोगा होतो. बारीक अक्षरं वाचायला लागणाऱ्या गेममध्ये मात्र हा तोडगा डोळ्यांना त्रास देतो. यूट्यूबवर गेमच्या नावापुढे ग्राफिक्सचं नाव आणि RAM टाकून शोधलं तर तुमच्याचसारख्या लॅपटॉपवर कुणीतरी तो चालवून दाखवलेला बहुधा सापडतो. तिथे मेमरीच्या पट्ट्या किती आहेत ते आधी बघा, नाहीतर पुन्हा Iris Xe आणि UHD चा घोळ.

दुसरी चाळणी: बैठक

आठवड्याला चार तास हा आकडा एकटा फसवा आहे. रविवारी सलग चार तास मिळणाऱ्याला एक गेम शोभतो आणि सहा रात्री चाळीस-चाळीस मिनिटं मिळणाऱ्याला दुसराच. म्हणून तासांपेक्षा बैठकीची लांबी विचारा, आणि प्रत्येक गेमला दोन प्रश्न घाला. मध्येच उठावं लागलं तर किती काम वाया जाईल? आणि तीन दिवसांनी परत आल्यावर "मी काय करत होते?" हे आठवायला किती वेळ लागेल?

पहिल्या प्रश्नात स्टारड्यू व्हॅली अडकतो. शेतीचा शांत गेम म्हणून जो तो तोच सुचवतो, आणि गेम खरोखर सुंदर आहे. २०१६ मध्ये आला, एकट्या माणसाने बनवलेला. पण त्यातला एक दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्री दोनला संपतो, आणि हा सगळा दिवस आपल्या घड्याळात साधारण १४ मिनिटांचा असतो. दहा मिनिटं पुढे सरकायला सात सेकंद लागतात. गेम सेव्ह होतो तो फक्त झोपायला गेल्यावर. चाळीस मिनिटांत दोन दिवस होतात आणि तिसरा अर्ध्यावर लटकतो. तेव्हा मूल रडलं किंवा फोन आला आणि लॅपटॉप बंद करावा लागला, तर पेरलेलं, तोडलेलं, खाणीतून आणलेलं सगळं त्या सकाळपर्यंत मागे जातं. तिसरा दिवस सुरूच करायचा नाही अशी शिस्त असेल तर काही बिघडत नाही. मला ती कधी जमली नाही.

दुसऱ्या प्रश्नात सिव्हिलायझेशन ६ गेला. तो डावाडावाने चालतो, घड्याळ नाही, कधीही सेव्ह करता येतो, लॅपटॉपलाही पेलतो. कागदावर सगळं जुळतं. पण शंभराव्या डावाला तुमची सात-आठ शहरं असतात, प्रत्येकात काहीतरी बांधकाम चालू असतं, दोन शेजारी रुसलेले असतात आणि एक सैन्य कुठल्याशा डोंगरामागे तुम्हीच पाठवलेलं असतं. मंगळवारी रात्री ते सोडलं आणि शुक्रवारी उघडलं की पहिली पंधरा मिनिटं नकाशा न्याहाळण्यातच जातात. चाळीस मिनिटांच्या बैठकीत हा खर्च परवडत नाही. रविवारी दोन तास असतात खरे, पण आठवड्यातून एकदाच खेळलं तर एक अख्खा खेळ संपायला दोन महिने लागू शकतात.

HowLongToBeat या साइटवर गेम संपायला लागणारा वेळ मिळतो. तिथला `Main Story` चा आकडा घ्या आणि आपल्या आठवड्याच्या तासांनी भागा. ६० तासांचा गेम आणि चार तासांचा आठवडा, म्हणजे १५ आठवडे. पंधरा आठवडे एकाच गोष्टीत रमायची सवय नसेल तर साठ तास हे ओझं आहे. एका पैशात जास्त तास मिळाले म्हणून गेम स्वस्त पडला, हा हिशेब मला कधीच पटला नाही. अर्धवट सोडलेल्या शंभर तासांच्या गेमपेक्षा संपवलेला दीड तासाचा गेम केव्हाही स्वस्त.

तिसरी चाळणी: नावडी

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण लोक नावड सांगतात ती प्रकाराच्या नावाने आणि त्यांना खटकलेलं असतं भलतंच. "मारामारी नको" म्हणजे काय? मी तिला विचारलं, बुद्धिबळात घोड्याने प्यादं मारलेलं चालतं का? ती हसली, म्हणाली, "ते चालतं रे, रक्त आणि ओरडणं नको." म्हणजे मारामारीवाले सगळेच गेम बाद होत नव्हते. मग आणखी एक प्रश्न विचारला, जो मी आता प्रत्येकाला विचारतो: शेवटचा गेम तू कधी सोडलास, आणि नेमकं काय घडल्यावर?

तिने दोन प्रसंग सांगितले. पहिला फोनवरचा, कोडी सोडवण्याचा गेम. कोडी आवडत होती, पण वर उलटे आकडे पळायचे आणि छातीत धडधड व्हायची. दुसरा भावाच्या कम्प्युटरवरचा. पडद्यावर फक्त हात दिसत होते, माऊस हलवला की सगळं जग फिरायचं. पंधरा मिनिटांत मळमळायला लागलं. या दोन वाक्यांनी जेवढं काम झालं तेवढं "मला शांत गेम आवडतात" या वाक्याने झालं नसतं.

आउटर वाइल्ड्स दोन्हीकडून गेला. कॅमेरा डोळ्यांच्या जागी आणि वर २२ मिनिटांचं चक्र, जे संपलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. (मला विचाराल तर गेल्या काही वर्षांतला हा सगळ्यात हुशार गेमांपैकी एक आहे. पण हा कागद माझ्यासाठी नव्हता.) चक्कर येणाऱ्यांसाठी काही गेमांत उपाय असतात: `Field of View` वाढवणं, `Motion Blur` बंद करणं, चालताना डोकं हलण्याचा `Head Bob` काढून टाकणं. ज्याला तो प्रकार मनापासून खेळायचाय त्याने हे करून पाहावं. ज्याच्याकडे आठवड्याला चारच तास आहेत त्याने त्या वाटेला जाऊ नये.

हेडीझ गेला तो घाईमुळे. घड्याळ नसलं तरी बोटं थांबली की मार बसतो, आणि तिला धडधड नकोच होती. स्टारड्यूवरही इथे दुसरी काट बसली. तिथे घड्याळ पडद्याच्या कोपऱ्यातच असतं.

मग उरला हरण्याचा प्रश्न. हरल्यावर किती मागे गेलेलं चालेल? ती म्हणाली, पाच मिनिटं. या एका उत्तराने स्ले द स्पायर गेला, कारण त्यात हरलं की तासाभराची चढण गेली आणि पुन्हा पायथ्यापासून सुरुवात. तो प्रकारच तसा आहे, आणि ज्यांना आवडतो त्यांना त्यासाठीच आवडतो.

इनटू द ब्रीचपाशी मी अडलो. आठ बाय आठ चौकटींचा पट, तुमच्याकडे तीन यंत्रं, समोर राक्षसी किडे. लढाईच आहे, पण घड्याळ नाही, आणि पुढच्या चालीत कुठला किडा कुठे मारणार आहे ते गेम आधीच दाखवतो. तुम्ही एका किड्याला एक घर ढकललं की त्याचा वार त्याच्याच भावावर बसतो. कितीही वेळ विचार करा, कुणी घाई करत नाही. प्रत्येक लढाईत एकदा अख्खा डाव मागे घेता येतो. बुद्धिबळाच्या कसोटीवर तो सरळ पास होता. पण अखेरीस हरलं तर जवळजवळ सगळंच जातं, सोबत एक चालक तेवढा पुढे नेता येतो. तिच्या पाच मिनिटांच्या अटीत हे बसत नाही. म्हणून त्याच्यापुढे "राखीव" लिहिलं.

या टप्प्याला स्टोअरवरची परीक्षणं उघडा, पण कौतुक वाचू नका. `Negative` निवडा आणि त्यात आपली नावड शोधा: timer, motion sickness, grind असे शब्द. कुणी "गेम फारच संथ आहे, काही घडतच नाही" म्हणून शिव्या घातल्या असतील तर बहिणीसारख्यांसाठी ती शिफारस समजायची. परीक्षण लिहिणाऱ्याने किती तास खेळलाय तेही स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन स्टोअरवर दिसतं. अर्धा तास खेळलेल्या माणसाकडून गेम सुरू होतो की नाही एवढंच शिकायचं. शेवटाबद्दल तक्रार दोनशे तास खेळलेल्याने केली असेल तर ती तुमच्यापर्यंत पोचणारही नाही.

चौथी चाळणी: पैसे

आता तीन नावं उरली होती: अ शॉर्ट हाइक, डॉर्फरोमँटिक, बाबा इज यू. तिन्ही एकट्यादुकट्याने किंवा छोट्या चमूने बनवलेली. पैशांची चाळणी इथे लावायची कारण आता नावं थोडी असतात आणि प्रश्न एवढाच राहतो की आज घ्यायचं की थांबायचं. SteamDB किंवा IsThereAnyDeal वर गेमच्या किमतीचा इतिहास दिसतो. वर्षभरात चार वेळा निम्म्यावर आलेला गेम आज पूर्ण किमतीला घ्यायचं कारण नाही. स्टीमवर वर्षात चार मोठे सेल असतात, ऋतूंच्या नावांनी, त्यामुळे थांबायचं म्हटलं तरी तीन महिन्यांहून फार जास्त थांबावं लागत नाही.

फुकटच्या गेमांचा विषय निघालाच. त्यातले बहुतेक ऑनलाइन असतात, अनोळखी लोकांबरोबर, आणि रोज हजेरी लावली नाही तर काहीतरी बुडेल अशी टोचणी लावतात. आठवड्याला चार तासवाल्याला ते परवडत नाहीत.

माझा आग्रह एकाच गोष्टीसाठी: तीन नावं उरली तरी एका वेळी एकच विकत घ्या. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. १४ दिवस म्हणजे तुमचे दोन आठवडे, म्हणजे आठ तास. तीन गेम एकदम घेतले तर प्रत्येकाला दोन तासांची परीक्षा द्यायला सहा तास लागतात. गणितात बसतं, पण त्यात एक आठवडा आजारपणात किंवा कामात गेला की मुदत संपते आणि तिसरा गेम न उघडताच तुमचा होतो. GOG या दुसऱ्या स्टोअरवर मुदत ३० दिवसांची आहे, शिवाय तिथले गेम एकदा उतरवून घेतले की नंतर स्टोअर उघडं असायची गरज नसते. दोन्हीकडे किंमत सारखी असेल आणि मित्रांबरोबर खेळायचं नसेल, तर मी GOG कडे झुकतो.

पहिले दोन तास कसे घालवायचे

सुरुवात अ शॉर्ट हाइकने केली. छोटासा पक्षी, एक बेट, मध्ये डोंगर, आणि फोनला रेंज मिळावी म्हणून शिखरावर जायचं. सोनेरी पिसं मिळत जातात तसं जास्त उंच चढता येतं. कुठूनही पडलं तरी काही बिघडत नाही. सरळ गेलं तर साधारण दीड तासात शिखर गाठता येतं. म्हणूनच परीक्षेसाठी तो पहिला घ्यायचा: नव्या लॅपटॉपवर कीबोर्ड सोसतो की कंट्रोलर घ्यावा लागेल, हे त्यात स्वस्तात कळतं. (दीड तासात संपवून पैसे परत मागायचा विचार मनात येईल. नियम त्यासाठी नाही, आणि असं वारंवार करणाऱ्याची ती सोय स्टोअर काढूनही घेऊ शकतं.)

चार्जर लावून खेळा. बॅटरीवर लॅपटॉप आपली ताकद आखडती घेतो आणि दोष गेमला जातो. `Win+G` दाबलं की विंडोजचा Game Bar उघडतो, त्यातल्या `Performance` च्या चौकटीत FPS, म्हणजे एका सेकंदाला किती चित्रं उमटतात ते दिसतं. ती चौकट पिन करून ठेवा आणि आकडा दोनदा लिहा: सुरू केल्यावर पाच मिनिटांनी आणि नंतर चाळीस मिनिटांनी. पातळ लॅपटॉप पहिली काही मिनिटं जोरात पळतो, मग तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. पाच मिनिटांच्या चाचणीत हे कधीच दिसत नाही.

दुसऱ्या गेमला, डॉर्फरोमँटिकला, नेमकं हेच झालं. षटकोनी फरशा एकमेकींना लावत नद्या, जंगलं, रूळ जुळवत जायचं, गावं पसरत जातात. सुरुवातीला तिच्याकडे पन्नासच्या आसपास आकडा होता. चाळीस मिनिटांनी नकाशा पडदाभर पसरला तेव्हा तिशीवर आला आणि पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागला. दोन कारणं होती, नकाशा वाढल्याने काम वाढलं होतं आणि लॅपटॉप तापलाही होता. कुठलं जास्त, ते ओळखायला गेम बंद करून दहा मिनिटं थांबलो आणि तोच मोठा नकाशा पुन्हा उघडला. आकडा चाळीसवर. म्हणजे तापण्याचा वाटा निम्मा तरी होता. मग लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवला, सावल्यांची सेटिंग कमी केली आणि चित्रांचा वेग तीसवर बांधून टाकला. असल्या संथ गेमला तीस पुरतात, आणि साठच्या मागे धावायचं थांबवलं की पंखाही शांत होतो. चाळीस मिनिटांनंतर आकडा तिथेच टिकून होता.

वेग ठीक असला तरी दोन तास संपायच्या आत एक गोष्ट तपासायची राहते. पहिल्या बैठकीनंतर दुसऱ्या दिवशी गेम स्वतःहून उघडावासा वाटला का? बहिणीला मी तारीख लिहायला सांगितली होती. अ शॉर्ट हाइक तिने दुसऱ्याच रात्री उघडला, डोंगर उतरून मासे पकडायला.

यादी रिकामी पडली तर

अटी जास्त असल्या की शून्य उरू शकतात. तेव्हा अटी सैल करायच्या त्या ठरावीक क्रमाने. शरीराची अट, म्हणजे चक्कर, डोकेदुखी, कधीच सैल करू नका. लॅपटॉपची अट रिझोल्यूशन उतरवून थोडी सैल होते. बैठकीची अट सवयीने सैल करता येते, स्टारड्यूमध्ये दोन दिवसांवर उठायची शिस्त लावून. सगळ्यात सहज सैल होते ती सवयीतून आलेली नावड. हरायची नावड बऱ्याचदा त्यातलीच असते.

बाबा इज यू तिने तिसऱ्या आठवड्यात घेतला. त्यात नियमच ठोकळ्यांवर शब्दांत लिहिलेले असतात आणि ते ढकलून तुम्ही नियम बदलता: भिंत अडवते हे वाक्य मोडलं की भिंतीतून चालत जाता येतं. घड्याळ नाही, `Z` दाबलं की एक पाऊल मागे, हवं तितक्या वेळा. दोनशेहून जास्त कोडी आहेत आणि पुढची फार कठीण आहेत, हे तिला आधीच सांगून ठेवलं होतं. एका कोड्यावर ती दोन रात्री अडून होती. तिसऱ्या रात्री तिचा मेसेज आला: "सुटलं. सगळं अकरा वेळा पहिल्यापासून केलं. तो किड्यांचा राखीव गेम सेलमध्ये आला की सांग."